पाण्याची बाटली आणि अण्णांचा प्रश्न

सेमिनारला जे प्रश्न विचारले जातात ते आधीच वाटून दिलेले असतात, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. निदान विद्यार्थ्यांना तरी. बेळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, ही रीत आम्हाला सीनिअर मंडळींकडून जुन्या जर्नलांसोबत मिळाली होती. वीस मिनिटं बोलायचं, मग दहा मिनिटं प्रश्न. ती दहा मिनिटं सरांच्या हाती लागली तर संपलंच. म्हणून आदल्या दिवशी आपणच पाच चिठ्ठ्या लिहायच्या, पाच मित्रमैत्रिणींना द्यायच्या आणि प्रत्येकाला खूण ठरवून द्यायची. मी खडू खाली ठेवला की तू विचार. मी ओढणी सारखी केली की तू. उत्तरं पाठ असतात. दहा मिनिटं कशी जातात कळत नाही, आणि सर मान डोलावून पुढच्याला बोलावतात.

माझा विषय होता उष्णता इंजिन: उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येतं त्याची मर्यादा, आणि खरी इंजिनं त्या मर्यादेच्या जवळपासही का पोचत नाहीत. हा विषय मी मागून घेतला होता. थर्मोडायनॅमिक्सला माझा एकदा बॅक लागला होता, म्हणजे मी नापास झाले होते, त्यामुळे वर्गात हशा झाला. मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की मी अभ्यास करते. एवढा एकच फायदा त्या रागाचा मला आयुष्यात झाला आहे.

विषय मागण्याचं खरं कारण मात्र दुसरंच होतं. आमच्या थर्मल लॅबमध्ये एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं, ज्याला आम्ही रिग म्हणायचो. चाकावर दोराचा ब्रेक, डिझेल मोजायला काचेची नळी, भिंतीला तापमानाचे आकडे दाखवणारं पॅनेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ती रिग वर्षभर एकाच गटाला किंवा विद्यार्थ्याला मिळायची, आणि कुणाला द्यायची ते सर या सेमिनारांवरून ठरवायचे. मी निपाणीजवळच्या गावातली. आमच्या विहिरीवर वीज येईपर्यंत तसंच इंजिन होतं आणि त्याला हात लावायची मला कधी परवानगी नव्हती. भावाला होती, मला नव्हती. तर मला ती रिग हवी होती. इतकी, की लॅबच्या दारावरून जाताना डिझेलचा वास आला तरी मी आत डोकावून बघायचे.

लॅबमध्ये अण्णा होते. अण्णा म्हणजे लॅबचे मेकॅनिक. खानापूरकडच्या खेड्यातले, घरची भातशेती, सकाळी शेतात एक फेरी मारून मग एसटीनं कामावर. नोकरी लागण्याआधी निपाणी-चिकोडी भागात विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत फिरायचे. आमच्या गावातही येऊन गेलेले, पण कुठल्या विहिरीवर ते त्यांना आठवत नव्हतं आणि मला विचारायचा धीर नव्हता. सर धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे; अण्णांशी कन्नडात बोलत, आमच्याशी इंग्रजीत, आणि चिडले की मराठीत. अण्णा सगळ्यांशी मराठीतच बोलत.

आकडे नेटवरून उचलायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. आपल्या रिगचे आकडे घ्यायचे. अण्णांनी मला दोन दुपारी इंजिन चालवून दिलं. नळीतलं डिझेल ठरावीक खुणेपासून खाली जायला किती सेकंद लागतात ते मी मोजलं, ब्रेकवरचं वजन टिपलं, आणि गणित केलं. डिझेलमधून जेवढी उष्णता मिळते त्यातली साधारण पंचवीस टक्के चाकावर काम म्हणून येत होती. बाकीची थंड करणाऱ्या पाण्यातून, धुरातून, आणि काही कुठं जाते याचा पत्ताच नाही अशी. जर्नलमध्ये या शेवटच्या भागासाठी एक वेगळा रकानाच असतो: हिशोब न लागलेली उष्णता. तो रकाना मला फार आवडायचा. एवढ्या मोठमोठ्या पुस्तकांनी छापील अक्षरात कबूल केलेलं, की आम्हाला माहीत नाही.

मग मर्यादा काढायची होती. सूत्र सोपं आहे. इंजिनाची गार बाजू आणि तापलेली बाजू, दोन्हीची तापमानं केल्विनमध्ये घ्यायची, म्हणजे अंश सेल्सिअसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. गारला तापलेल्यानं भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं. जे उरतं त्याच्या पुढं कुठलंच इंजिन जाऊ शकत नाही, कितीही हुशार माणसानं बांधलं तरी. दोनशे त्र्याहत्तर मिळवायला बरेच जण विसरतात आणि नव्वदच्या वर टक्के काढून बसतात. मी विसरले नाही, आणि त्याचा मला भलताच अभिमान वाटला.

पॅनेलवर सगळ्यात मोठा आकडा होता तीनशे पन्नास अंशांचा. खोली सत्तावीसवर. म्हणजे सहाशे तेवीस आणि तीनशे केल्विन. भागाकार केला, वजाबाकी केली, आले बावन्न टक्के. मर्यादा बावन्न, प्रत्यक्षात पंचवीस. म्हणजे आमचं हे जुनं, काळंकुट्ट इंजिन देवानं आखून दिलेल्या रेषेच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत पोचत होतं. मी खोलीवर येऊन उड्या मारल्या. खोटं कशाला सांगू, खरोखरच्या उड्या.

पाच चिठ्ठ्या लिहिल्या. सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी दिली माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला. ती कॅम्पात राहायची, वडील सैन्यात सुभेदार. ठरलं म्हणजे ठरलं, अशी. तिच्या चिठ्ठीवर होतं: आदर्श इंजिनात घर्षण का धरत नाहीत? हे उत्तर मला झोपेतसुद्धा देता आलं असतं. खूण ठरली पाण्याच्या बाटलीची. मी पाणी पिऊन बाटली टेबलावर ठेवली की तिनं उभं राहायचं. तिनं मला तीनदा विचारून घेतलं, बाटली ठेवल्यावर की झाकण लावल्यावर. मी सांगितलं, ठेवल्यावर.

सेमिनारच्या दिवशी माझ्या आधी चार मुलांचा गट होता. त्यांनी वाफेच्या इंजिनाची हलणारी चित्रं केली होती, पिस्टन पुढं-मागं, निळे-लाल बाण. चिठ्ठ्या इतक्या सफाईनं निघाल्या की मला हेवा वाटला. सरांनी जाता जाता त्यांना एकच प्रश्न विचारला, रिग मिळाली तर काय मोजाल. ते म्हणाले, कार्यक्षमता. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग मी. पहिली पाच मिनिटं पाठ केलेलंच बोलले, नंतर मजा यायला लागली. आपल्याला एखादी गोष्ट कळली आहे आणि समोरच्या साठ जणांना ती आपण सांगतो आहोत, याची एक नशा असते. बावन्न टक्क्यांची स्लाइड मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती पडद्यावर आली तेव्हा मी म्हटलं की आपलं इंजिन मर्यादेच्या निम्म्यापर्यंत पोचतं, आणि राहिलेल्या निम्म्यासाठी घर्षण, पाण्यातून जाणारी उष्णता वगैरे जबाबदार आहेत. टाळ्या पडल्या. दोन चिठ्ठ्या ठरल्याप्रमाणे निघाल्या, मी उत्तरं दिली. सहा मिनिटं राहिली होती.

तेवढ्यात मागून, प्रोजेक्टरच्या शेजारून, अण्णांनी हात वर केला. अण्णा सेमिनारला बसत ते प्रोजेक्टर बंद पडला तर चालू करायला. त्यांनी कधी प्रश्न विचारला नव्हता. सरांनी आधी चष्म्यावरून बघितलं, मग कन्नडात काहीतरी म्हणाले. विचारा, असंच असणार.

अण्णा उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "आक्का, ते साडेतीनशे म्हंजे सायलेन्सरातलं न्हवं? तो धूर तर काम करून भायेर पडल्याला. ज्यानं पिस्टन ढकलला तो जाळ आत हाय. मग तू भायेरचं का धरलीस?"

मी पडद्याकडे बघितलं. तीनशे पन्नास. पॅनेलवरचा सगळ्यात मोठा आकडा. मी तो घेतला होता कारण तोच तिथं सगळ्यात मोठा होता. मीटर जिथं लावलं आहे तिथंच इंजिन सगळ्यात जास्त तापतं, असं मी गृहीत धरून बसले होते, आणि दोनशे त्र्याहत्तर मिळवल्याच्या आनंदात पुढं विचारच केला नव्हता. जेवण झाल्यावर खरकट्या ताटावरून जेवण केवढं होतं ते ठरवावं, तसं मी केलं होतं.

तोंडाला कोरड पडली. मी बाटली उचलली, दोन घोट घेतले आणि बाटली टेबलावर ठेवली.

दुसऱ्या रांगेतून माझी मैत्रीण ताडकन उभी राहिली. खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता तिनं विचारलं की आदर्श इंजिनात घर्षण का धरत नाहीत.

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. बाटली ठेवली होती. आणि खरं सांगायचं तर ती मला वाचवत होती. सर घड्याळाकडे बघत होते. मी त्या प्रश्नाचं उत्तर सुरू केलं असतं तर अडीच मिनिटं सहज गेली असती, नंतर ओढणी, नंतर खडू, आणि वेळ संपली असती. अण्णा गरीब माणूस; पुन्हा हात वर केला नसता. बावन्न टक्के पडद्यावर तसेच राहिले असते, आणि रिग बहुधा माझी झाली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मी तोंडही उघडलं, आणि पाठ केलेल्या उत्तराचे पहिले दोन शब्द बाहेरही पडले.

पण अण्णा अजून उभेच होते. उत्तराची वाट बघत. त्यांच्या चेहऱ्यावर मला पकडल्याचा आनंद नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या इंजिनाला रोज हँडल मारतात, त्याच्या आत काय चालतं ते.

"बस गं," मी मैत्रिणीला म्हटलं. "तो प्रश्न माझाच आहे. मीच लिहून दिलाय."

मग जो गोंधळ झाला तो झाला. हशा, बाकांवर थापा, आणि चिठ्ठीवाल्या उरलेल्या दोघांनी माना खाली घातलेल्या. आधीच्या गटातल्या मुलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं घर फोडलंय. सर उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "चिठ्ठ्या इकडं आणा. सगळ्यांच्या." म्हणजे ते चिडले होते. चिठ्ठ्या टेबलावर जमल्या. माझ्या पाच आणि इतरांच्या वीसेक.

मला मात्र तिकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता. माझं डोकं पळत होतं. मी फळ्याकडे वळले आणि म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. परत करते."

आतला जाळ किती? मोजलेला नाही, म्हणून मी तसंच सांगितलं. पुस्तकात अशा इंजिनासाठी साधारण दोन हजार केल्विन धरतात, तेवढे धरूया. तीनशे भागिले दोन हजार. एकातून वजा. पंच्याऐंशी टक्के. मी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि मागे सरून बघितलं. पंच्याऐंशी आणि पंचवीस. निम्म्यापर्यंत पोचणारं माझं गुणी इंजिन आता मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नव्हतं. माझं सगळं भाषण कोसळलं होतं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला आनंदच झाला होता. कारण आता खरा प्रश्न समोर आला होता. एवढं सगळं जातं कुठं?

मी बोलत सुटले. दोन हजार हे तापमान फक्त क्षणभर असतं. पिस्टन खाली जायला लागला की वायू पसरतो आणि निवतो. आदर्श इंजिन सगळी उष्णता सगळ्यात वरच्या तापमानाला घेतं, आपलं तसं घेऊच शकत नाही. म्हणजे ते पंच्याऐंशी ही भिंत खरी, पण आपल्या इंजिनाची वाट त्या भिंतीपर्यंत जातच नाही. त्याची स्वतःची मर्यादा आणखी अलीकडे आहे. त्यात पुन्हा सिलिंडरचं लोखंड टिकावं म्हणून पाणी खेळवावं लागतं.

सरांनी इथं थांबवून विचारलं. पाणी बंद केलं, सिलिंडरला आतून उष्णता अडवणारा थर दिला, तर ती सगळी उष्णता चाकावर येईल का? मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, नाही सर, थोडी येईल, बरीचशी धुरातून जाईल. पिस्टन खाली पोचल्यावर वायू कितीही तापलेला असला तरी त्याला ढकलायला जागाच उरत नाही.

अण्णा मागून म्हणाले, "व्हय. म्हणून तर सायलेन्सर ठोकतोय."

मला ते लगेच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पिस्टन पार तळाला जायच्या थोडा आधीच उघडतो. आत तेव्हाही दाब असतो. तो दाब एकदम बाहेर सुटतो, त्याचा तो ठोका. मी लहानपणापासून विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज ऐकत आले होते, लांबून, कारण जवळ जायची बंदी. तो आवाज म्हणजे इंजिनाची ताकद असं समजत होते. ती वाया चाललेली ताकद होती. मी फळ्यासमोर खडू हातात धरून उभी राहिले आणि मला हसू फुटलं.

"मग ते आदर्श इंजिन कुणी बांधलंय का?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं, नाही. उष्णता थोडीही वाया न घालवता घ्यायची तर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं तापमान जवळजवळ सारखं लागतं, आणि तसं असलं की उष्णता इतकी हळू जाते की एक फेरा पुरा व्हायला काळच पुरणार नाही. काम पूर्ण मिळेल, पण कधी मिळेल ते विचारायचं नाही. ताकद शून्य.

"म्हंजे ऊस वाळून जाईल, पाणी काय यायचं न्हाय," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. सरसुद्धा हसले.

वेळ केव्हाच संपली होती. सरांनी माझा आकडा चुकीचा म्हणून गुण कापले, चिठ्ठ्यांसाठी आणखी कापले, आणि हे दोन्ही वर्गासमोर मोठ्यानं सांगितलं. मग मलाही तोच प्रश्न विचारला. रिग मिळाली तर काय मोजशील.

मी म्हटलं, आतलं तापमान. कसं मोजणार, त्यांनी विचारलं. ते माहीत नाही सर. आत मीटर लावलेलंच नाही, एवढं आज कळलं. सिलिंडरमधला दाब मोजता आला तर त्यावरून बहुतेक काढता येईल.

सरांनी समोरच्या चिठ्ठ्यांच्या ढिगावर हात ठेवला. "ह्या सगळ्यांची उत्तरं झालेली आहेत," ते म्हणाले. "त्यांना रिग कशाला पाहिजे? तिचं उत्तर व्हायचं आहे. रिग तिला." मग अण्णांकडे बघून कन्नडात काहीतरी म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि खाली बघितलं. नंतर मैत्रिणीनं सांगितलं. कॅम्पात वाढल्यानं तिला चार भाषा येत होत्या. सर म्हणाले होते, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घालायचं.

मैत्रीण माझ्यावर दोन दिवस रुसली. भर वर्गात बस म्हणाल्याचं तिला लागलं होतं. मी तिला दाबेली खाऊ घातली, पण ती म्हणाली की बाटली तू ठेवली होतीस.

पुढच्या आठवड्यात मी लॅबमध्ये गेले. अण्णांनी हँडल माझ्या हातात दिलं. अंगठा मुठीत मिटायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटं फिरलं तर मोडेल, एवढं सांगितलं. वरची खिट्टी उचलून धरली, म्हणजे सिलिंडरमधली हवा अडत नाही आणि चाक हलकं फिरतं. मी फिरवायला लागले. एक, दोन, तीन, दंड भरून आले. चाकानं वेग घेतला तशी अण्णांनी खिट्टी सोडली आणि मी हँडल ओढून बाजूला झाले. एक ठोका. दुसरा. मग एकामागून एक, लॅबच्या काचा थरथरवत.

मला घरची विहीर आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. डिझेलच्या धुरानं आलं असं मी अण्णांना सांगितलं.

ते म्हणाले, "बरं. आता लिही." वहीत जुनाच तक्ता होता, सीनिअरांनी आखलेला; त्यात एक रकाना होता, सगळ्यात जास्त तापमान. पॅनेलवर तीनशे चाळीस दिसत होतं. मी रकान्याचं नाव खोडलं, वर लिहिलं, सायलेन्सरचं तापमान, आणि खाली तीनशे चाळीस. मग शेजारी पट्टीनं नवा रकाना आखला, आतलं तापमान, आणि त्यात लिहिलं: अजून माहीत नाही.